साडेतीनची वेळ

डायलिसिस केंद्राच्या मोठ्या सिस्टरांनी सर्व्हर बदलायची परवानगी मागणारा ताईचा मेल दोनदा परत पाठवला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच: "कळलं नाही. परवानगी नाही."

केंद्रातला जुना सर्व्हर रोज कुरकुरत होता. या रविवारी बदलला नाही, तर एखाद्या दिवशी पेशंट मशीनला लागलेले असतानाच तो मान टाकेल, ही धास्ती ताईच्या डोक्यातून जात नव्हती. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणायचे. क्लायंटशी बोलायचं, रागावणं ऐकून घ्यायचं, हे काम तिचं.

"तू उगाच पाल्हाळ लावतेस," साहेब म्हणाले. "'किरकोळ देखभाल' लिही नि मोकळी हो."

"मागच्या कंपनीनं तेच लिहिलं होतं, साहेब. केंद्राचे पेशंट दिवसभर बाकावर बसून होते."

ती पुन्हा लिहायला बसली. पाठ भरून आली होती. घरून मुलीचा फोन येऊन गेला होता. ताप उतरला म्हणाली होती, पण आवाज बसलेला होता.

'रविवारी दुपारी एक ते पाच आम्ही सर्व्हर बदलू. सकाळची पाळी संपलेली असेल, संध्याकाळची पाचला सुरू होते. काम दोन तासांचं आहे. एक ते तीन संगणकावर काहीच दिसणार नाही. आधी सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या जागी ठेवून ती उघडते का ते पाहू. प्रत्येक पेशंटची माहिती छापून टेबलावर ठेवा. नवीन सर्व्हर पाचपर्यंत नीट चालला नाही, तर जुना परत सुरू करू. त्याला एक तास लागतो.'

तिचा हात थांबला. पाचला ठरवायचं, वर एक तास. म्हणजे सहा. आणि पेशंट पाचला दारात.

"साहेब, माघारीचा तास आपण धरलाच नाही."

"तो कधी लागतो का?"

"लागला तर?"

साहेबांनी कामाचा आराखडा उघडला. इंग्रजीत, सुबक चौकटीत, तीच चूक बसली होती. दोन्ही मेलांतही तीच गेली होती. "च्यायला," ते हळूच म्हणाले.

तिनं बदललं: 'साडेतीनला नीट चालत नसेल, तर तिथेच थांबू. साडेचारपर्यंत जुना सर्व्हर सुरू होईल. मध्ये कोणी नवीन नोंद करणार नाही, म्हणून काही हरवणार नाही.'

मेल गेला. थोड्या वेळानं फोन वाजला.

"हे कळलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण साडेतीनला थांबा म्हणणार कोण? तुमची ती इंजिनिअर पोरं 'अजून पाच मिनिटं' करत बसतील."

"मी म्हणेन."

"फोनवरून नाही हं, बाई. इथे बसून."

ताईनं डोळे मिटले. आठवड्यातला सुट्टीचा एकच दिवस, त्यात मुलगी आजारी.

"येते," ती म्हणाली. "परवानगी लेखी पाठवता ना?"

"पाठवते. डबा घेऊन या, इथलं कॅन्टीन बंद असतं."

तिनं घरी फोन लावला. मुलीनं उचलला नाही. झोपली असेल, असं तिनं स्वतःला दोनदा सांगितलं आणि पर्स उचलली.