नोकरीतील समाधान: दवाखान्यातल्या सिस्टरचे उदाहरण

प्रश्न : नोकरीतील समाधान म्हणजे काय ते सांगून नेतृत्वशैलीचा त्यावर होणारा परिणाम उदाहरणासह स्पष्ट करा.

साकोलीच्या अभ्यासकेंद्रात मी रविवारी मानसशास्त्र शिकवते. या प्रश्नाचे नमुना उत्तर दरवर्षी लिहून देते. उदाहरण मात्र हल्ली मला एकच सुचते.

व्याख्या. स्वतःच्या कामाकडे पाहताना माणसाला जी सुखद भावना जाणवते, तिला नोकरीतील समाधान म्हणतात. हे मी सांगत असताना मागच्या बाकावरून एक सिस्टर बोलली. ती सानगडीची. इथल्या एका खाजगी दवाखान्यात वॉर्डाची मुख्य परिचारिका होती आणि घर सांभाळून पदवी करत होती.

"मॅडम, पगार टायमावर भेटते, रविवारची सुट्टी भेटते. मंग मले कामावर जावंसं काहून नाही वाटत?"

"सुट्टी कुठं भेटते? रविवारी तं इथं येते तू!" शेजारची म्हणाली. वर्ग हसला.

घटक. पगार, सुट्टी, सोयी नसतील तर असमाधान येते. त्या असल्या म्हणजे समाधान येतेच, असे नाही. त्यासाठी जबाबदारी लागते, कौतुक लागते, काम आपले वाटावे लागते. हे ऐकून सिस्टरने सगळे सांगितले. मोठे डॉक्टर होते तोवर कोणाची ड्यूटी कधी, ते ती इतर सिस्टरांना विचारून ठरवायची. आता त्यांचा मुलगा दवाखाना पाहतो. तो ड्यूटीचा चार्ट स्वतः करतो आणि फोनवर पाठवतो.

शैली. हुकूमशाही, लोकशाही आणि मुक्त. हुकूम नेहमीच वाईट नसतो. पेशंट अत्यवस्थ असताना मत घेत बसता येत नाही. पण ड्यूटी लावणे ही काही आणीबाणी नव्हे.

"मी बोलतोच सरसोबत," ती म्हणाली.

"बोल. पण तुझ्या सरांनी हे पुस्तक वाचलेलं नाही," मी म्हटले.

ती बोलली. सर म्हणाले, "ताई, तुम्ही पेशंट पाहा, मॅनेजमेंट मी पाहतो." वर त्याच महिन्यात पगार वाढवून दिला. नोकरी सोडावी असे तिच्या मनात येत होते, तो विषयच संपला. घरचे म्हणाले, आता आणखी काय पाहिजे तुले?

परीक्षेत तिने स्वतःचेच उदाहरण लिहिले. चांगल्या गुणांनी पास झाली.

निष्कर्ष. परिस्थितीनुसार शैली बदलावी. निर्णयात सहभाग मिळाला तर समाधान सहसा वाढते. गुण या वाक्याला आहेत, म्हणून मी तेच लिहून देते. मुलांनी तेच लिहावे.

मागच्या महिन्यात माझी जाऊ त्याच दवाखान्यात भरती होती. सिस्टरने सलाईन लावले, नीट लावले, माझी विचारपूसही केली. तेवढ्यात एक नवी सिस्टर घाईने आली. तिच्या लेकराला ताप होता, कोणाशी तरी ड्यूटी बदलून हवी होती. ती विचारत होती, "ताई, काय करू?"

सिस्टरने सलाईनवरून नजर काढली नाही. "मले नको विचारू," ती म्हणाली. "सरले फोन लाव."