जूननंतर जरूर विचारावे

मी रिक्रूटर आहे. म्हणजे ज्यांनी नोकरी मागितलेली नाही अशा लोकांना नोकरी विचारणं हा माझा धंदा. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये आमचं छोटंसं ऑफिस आहे, आठवड्यातले तीन दिवस मी डोंबिवलीच्या घरूनच काम करते. दिवसाला पन्नास-साठ मेसेज पाठवते. उत्तरं किती येतात? पाच आली तर देव पावला. त्यातला एक विचारतो, "कितने पैसे भरने पडेंगे?" एक नुसता अंगठा दाखवतो. एक "येतो मॅडम" म्हणतो आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी फोन बंद. बाकीच्यांच्या निळ्या टिका मोजत बसायचं. अरे, नको असेल तर नको म्हणा ना! दोन शब्दांनी काय झिजता का रे? हे मी रोज भिंतीला सांगते, कारण घरात दुसरं ऐकणारं कोणी नाही.

म्हणून चांगदेव काकांचं उत्तर आलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

झालेलं असं, की अंबरनाथच्या एका कंपनीला बॉयलर अटेंडंट हवा होता, फर्स्ट क्लास, कायमची दिवसपाळी. ही जात फार दुर्मिळ. सरकारी परीक्षा पास झालेला माणूस हजर नसेल तर बॉयलर पेटवताच येत नाही, आणि बॉयलर नाही तर अर्धी फॅक्टरी थंड. जुन्या बायोडाटांच्या ढिगात मला चांगदेव सापडले. वय एकोणपन्नास, राहणार विठ्ठलवाडी, काम मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत. बायोडाटा त्यांच्या मुलीने, पायलने, चार वर्षांपूर्वी साइटवर टाकलेला, आणि हे स्वतः विसरून गेलेले. मी मेसेज केला. कंपनी कुठल्या लाइनची, काम काय, पाळी कुठली, ठिकाण कुठे, एक पैसाही भरायचा नाही, इंटरेस्ट असेल तर बोलू.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आधी त्यांनी ऑफिसच्या नंबरवर फोन करून रुचिता नावाची बाई खरंच इथे काम करते का याची खात्री करून घेतलेली, हे मला नंतर कळलं. उत्तर जसंच्या तसं देते, कारण मी ते अजून जपून ठेवलंय.

"सप्रेम जयभीम. आपला मेसेज मिळाला, आभार. दिवसपाळीची नोकरी मला मनापासून हवी आहे. अठरा वर्षे तिन्ही पाळ्या करतो आहे. परंतु आमच्याकडे सर्टिफिकेटवाले सध्या दोघेच आहोत, मी व पोपट. बारा-बारा तास करतो. मी निघालो तर पोपट एकटा पडेल. आमचा राकेश परीक्षेला बसला आहे, मे महिन्यात निकाल आहे. तोपर्यंत येणे जमणार नाही. माझी नोटीस एक महिन्याची आहे. अंबरनाथ-बदलापूर बाजूला अशी जागा असेल तर जूननंतर जरूर विचारावे. नंबर सेव्ह केला आहे."

बघा! नाही म्हटलंय, पण दार कसं व्यवस्थित उघडं ठेवलंय. कारण दिलं, ते खरं दिलं, मालकाला एक वाकडा शब्द नाही. कधी विचारायचं, कुठल्या भागातली जागा, नोटीस किती, सगळं सांगून टाकलं. एमबीए झालेली पोरं मला इतकं सरळ लिहीत नाहीत. मी त्यांच्या नावापुढे माझ्या शीटमध्ये "जून" लिहिलं आणि पिवळा रंग भरला.

आणि तीन दिवसांनी त्यांच्या मालकाचा फोन! "काय हो मॅडम, माझी माणसं पळवायला निघालात काय?" मला काही कळेचना. या माणसाला कोणी सांगितलं? तर सांगणारे स्वतः चांगदेव. त्यांच्या कंपनीत बाहेरून आलेला कुठलाही कागद आवक रजिस्टरात चढतो आणि संध्याकाळी मालकाच्या टेबलावर जातो. सरकारी नोटीस असो नाहीतर कोणाच्या लग्नाची पत्रिका. काकांनी माझ्या मेसेजची प्रिंट काढली, खाली आपलं उत्तर जोडलं आणि रजिस्टरात चढवून मोकळे. मी डोक्याला हात लावला. मालकाने मला दहा मिनिटं झापलं, मीही त्याला पाच मिनिटं झापलं, आणि फोन ठेवल्यावर चांगदेव काकांना लावला.

"अहो काका, असले मेसेज मालकाला दाखवतात का कोणी? उद्या त्याने तुम्हालाच काढलं असतं म्हणजे?"

"लपवण्यासारखं काय होतं त्यात?" ते म्हणाले. "मी नाहीच म्हटलंय की. तुम्हाला बोलले का ते? माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, माफ करा हं."

कपाळ माझं! अंबरनाथच्या जागेवर मी तळोज्याचा एक माणूस बसवला आणि विषय संपला.

मे महिन्याच्या शेवटी तळोज्यावाला पळाला. अंबरनाथच्या एचआरमध्ये प्रीती नावाची बाई आहे, ती तर माझ्या बोकांडीच बसली. आठ दिवसांत माणूस पाहिजे, नाहीतर दुसरी एजन्सी बघते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात, नव्या पास झालेल्यांत मला राकेशची प्रोफाइल दिसली. वय चौतीस, कंपनी मानपाड्याची. कंपनीचं नाव वाचलं आणि डोक्यात घंटा वाजली. खोटं कशाला बोलू, वाजली. चांगदेव काका शीटमध्ये पिवळ्या रंगात समोरच होते. पण त्यांची नोटीस महिन्याची, ते पाळणार, एक दिवस इकडचा तिकडे करणार नाहीत. आणि राकेशला मेसेज टाकला तर दोन मिनिटांत उत्तर, "कधी जॉइन होऊ?" त्याचं सर्टिफिकेट सेकंड क्लासचं, पण तेवढ्यावर भागवून घेते म्हणाली प्रीती. मी घंटा बंद केली आणि राकेशला पाठवून दिलं.

दोन जूनला सकाळी काकांचा मेसेज. "सप्रेम जयभीम. जून लागला. राकेश पास झाला, पेढे वाटले. आता मी मोकळा आहे. जागा असेल तर कळवावे."

राकेशचं ऑफर लेटर आदल्याच दिवशी गेलेलं. त्याने तिकडे अजून तोंड उघडलेलं नव्हतं. मी तो मेसेज वाचला. निळ्या टिका पडल्या. आणि मी, रोज भिंतीशी भांडणारी मी, उत्तर दिलं नाही. दुपारी देऊ म्हटलं, मग उद्या देऊ. लिहायचं तरी काय होतं? तुमची जागा तुमच्याच माणसाला विकली?

आठवड्याने दुसरा मेसेज आला. "राकेश नोकरी सोडून गेला. पोपट पुन्हा एकटा पडेल म्हणून मला सध्या येणे जमणार नाही. आपला वेळ घेतला, क्षमस्व. डिसेंबरनंतर विचारावे."

क्षमस्व म्हणे! माझा चहा तसाच राहिला. लाज वाटली, आणि लाज वाटली की मला आधी राग येतो. राकेशवर आला, प्रीतीवर आला, फिरून फिरून माझ्यावरच आला. रविवारी पत्ता काढून विठ्ठलवाडीला थडकले.

दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. काका नुकतेच बारा तास करून आलेले, डोळे लाल. त्यांच्या बायकोने, रमाबाईंनी, पोहे पुढे ठेवले. मी पोह्यांना हात न लावता सांगून टाकलं. "काका, राकेशला मीच नेला. जागा तुमचीच होती."

काकांनी पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "दिवसपाळी आहे ना त्याला? त्याचं बाळ लहान आहे. बरं झालं." आणि मग जरा खालच्या आवाजात, "मला विचारलं असतं तर मीच पाठवला असता. विचारलं नाही, तेवढंच लागलं."

मला वाटलं जमीन फाटावी. पण रमाबाई काही इतक्या सोशिक नव्हत्या.

"बरं झालं काय, बरं झालं?" त्या कडाडल्या. "अठरा वर्षं झाली ताई, आम्ही दोघं एका वेळी जेवायला बसतो ते सणालाच. हे येतात तेव्हा मी भांडी घासत असते. जून, जून करून मी दिवस मोजले. तुम्ही यांचा माणूस नेलात ना? मग आता तुम्हीच एक माणूस आणून द्या."

"अगं, पाहुण्यांना असं..." काका म्हणाले.

"पाहुण्या कसल्या? पोहे खा आधी, आणि मग माणूस शोधा."

बाई बोलली ते शंभर टक्के बरोबर होतं. मी पोहे खाल्ले आणि कामाला लागले.

तीन आठवडे लागले. उल्हासनगरचा गणू नावाचा एक अटेंडंट सापडला, फर्स्ट क्लास, भिवंडीला जाऊन जाऊन वैतागलेला, मानपाडा त्याला जवळ. या वेळी मी आधी गणूच्या अडचणी विचारल्या, नोटीस विचारली, त्याच्या जागी तिकडे कोण आहे तेही विचारलं. मग हिंमत करून काकांच्या मालकाला फोन लावला.

"परत तुम्ही?" तो ओरडला.

"परत मी. या वेळी पळवत नाही, देतेय. फी नको. पण हा नीट रुळला की चांगदेवना तोंड वाकडं न करता सोडायचं."

आधी तो मोठ्याने हसला. मग म्हणाला, "चांगदेव काय मला न सांगता सोडून जाणार? तो माझ्याकडे अर्ज घेऊन येईल आणि वर सही कुठे करायची तेही दाखवेल." पण गणूला त्याने घेतला.

ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका कंपनीत जागा निघाली. दिवसपाळी, सकाळी आठ ते पाच. मी सगळ्यात आधी काकांना लिहिलं, आणि तिथल्या एचआरला ठणकावून सांगितलं की हा माणूस महिन्याची नोटीस पूर्ण करूनच येणार, थांबायचं असेल तर थांबा. थांबले. काकांनी होकार कळवला, गणूला सगळ्या व्हॉल्व्हच्या खोडी शिकवल्या आणि शेवटच्या दिवशी पोपटच्या गळ्यात पडून रडले, असं पोपटनेच मला सांगितलं.

ते रुजू झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठच्या सुमारास रमाबाईंचा फोन आला. मला वाटलं, काही बिनसलं की काय.

"ताई," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "आम्ही जेवायला बसलोय. काल पण बसलेलो. दोघं समोरासमोर."

"मग छान की!"

"छान काय? अहो, हे बोलतच नाहीत, मला पण काही सुचत नाही. सवयच नाही ना. तुम्ही जरा फोनवर राहा, मी स्पीकरवर ठेवते. तोवर काहीतरी सुचेल आम्हाला."