शून्य अपघातांचा वक्ता

निवृत्तीनंतर पळसदरीला राहायला आलो, आणि पत्नी गेल्यावर तिथेच एकटा राहिलो. शनिवार-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या फाटकासमोर थांबतात आणि काच खाली करून रस्ता विचारतात. आठवड्यातलं माझं बहुतेक संभाषण तेवढंच. म्हणून सुरक्षा अधिकाऱ्यांच्या आमच्या संघटनेच्या सचिवाचा फोन आला, तेव्हा त्याचं बोलणं पुरतं ऐकण्याआधीच मी हो म्हणालो.

सचिव पूर्वी माझ्या हाताखाली होता. कुंभिवलीजवळच्या ज्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो, तिथेच तो शिकला. "सर, बंदिस्त जागेतल्या कामावर तासाभराचा वेबिनार घ्या. टाक्या, रिअॅक्टर, गटारं. तुमच्याइतकं कोणाला माहीत आहे?"

"पुष्कळांना. ते सगळे नोकरीत आहेत, त्यांना वेळ नाही."

"तसंही आहे," तो मोकळेपणानं म्हणाला. "जाहिरातीचा मजकूर पाठवा. मुद्दे, परिचय. नोंदणीचा फॉर्मही तुम्हीच बनवा, लिंक मी टाकतो."

वक्त्याचा परिचय वक्त्यानंच लिहायचा, पण दुसऱ्या कोणीतरी भारावून लिहिल्यासारखा, ही आमच्या धंद्यातली रीत. रिकाम्या घरात बसून स्वतःला 'ते' म्हणायचं. 'त्यांना तीस वर्षांचा अनुभव आहे.' लिहून झाल्यावर मी खोलीत पाहिलं. ते कुठे दिसले नाहीत.

'आपण काय शिकाल' हा भाग मला आवडला. तिथे फुगवायला जागा कमी असते. 'सखोल आकलन होईल' असं लिहिणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, कारण आकलन झालं की नाही हे कोणी तपासत नाही. मी चार मुद्दे दिले. कोणती जागा बंदिस्त धरायची ते ओळखता येईल. आत येणाऱ्या पाइपलाइनी नुसता व्हॉल्व्ह फिरवून नव्हे, तर लोखंडी चकती घालून कशा पक्क्या बंद करायच्या ते सांगता येईल. हवेची तपासणी कधी आणि किती वेळा करायची ते ठरवता येईल. आतला माणूस कोसळला, तर बाहेरच्यानं आत उडी का मारू नये, हे समजावता येईल. खाली दिवस, वेळ, नोंदणीची लिंक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिवाचं पोस्टर सगळ्या ग्रुपांवर झळकलं. माझा फोटो निवृत्तीच्या वेळचा, गळ्यात हार असलेला. मुद्दे बारीक अक्षरांत. आणि परिचयात मी न लिहिलेली एक ओळ, सर्वांत ठळक: 'शून्य अपघातांची उज्ज्वल कारकीर्द'.

मी ती वाचली. खोटी आहे हे कळलं. आणि खरं सांगायचं तर फोन खाली ठेवून चहा टाकला. नोंदणी सुरू झाली होती. फॉर्मला जोडलेल्या यादीत दर थोड्या वेळानं एक नाव वाढत होतं. नाव, कारखाना, हुद्दा. इतकी माणसं माझ्याकडे बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

दुपारी कळंबहून फोन आला. आमच्याकडे टाकीच्या तोंडाशी पहारा करणारा जुना माणूस. आत कोणी उतरलं, की हा वर उभा राहायचा.

"सायेब, फोटो झ्याक हाय. नवरदेव दिसताय."

"तुझ्यापर्यंत कसा पोचला?"

"पोरगा केमिकलमदी हाय ना. त्यानं दाखवला." तो पुढे म्हणाला, "वाचूनबी दाखवला. शून्य म्हनं."

"ते मी नाही लिहिलं."

"लिवलं नाय, पन पुसलंबी नाय." तो हसला, रागानं नव्हे. "आपल्या गेटावरच्या बोर्डावर शून्यच व्हतं म्हना. तो ठेकेदाराचा मानूस."

कारखान्याच्या फाटकावरच्या त्या फळ्यावर 'अपघात शून्य' आणि त्याखाली 'अपघाताविना गेलेले दिवस' लिहिलेले असत. तो ठेकेदाराकडचा रंगारी टाकीत दगावला, तेव्हा सरकारी कचेरीत रीतसर कळवलं गेलं, चौकशी झाली. पण फळ्यावरचा दिवसांचा आकडा दुसऱ्या दिवशी एकानं वाढला. फळ्यावर फक्त आमची माणसं मोजायची, असा व्यवस्थापनाचा शिरस्ता होता आणि मी तो चालू दिला होता. सचिवानं लिहिलं ते त्यानं त्याच फळ्यावर वाचलेलं होतं. त्याला दोष देता येईना.

मी सचिवाला फोन लावला. "ती ओळ बदल. एक मृत्यू झाला होता, तू तिथे होतास."

"सर, तो ठेकेदाराचा..."

"टाकीत उतरायच्या परमिटवर सही माझी होती."

तो हलक्या आवाजात म्हणाला, "पोस्टर गेलंय, चित्र आहे, आता बदलता येत नाही. दुसरं काढलं तर लोक विचारतील. समितीत दोघे आधीच म्हणत होते, एखादा मुंबईचा वक्ता बघा. मी तुमच्यासाठी भांडलोय. राहू द्या ना, सर. कोणाला आठवतंय?"

"पळसदरीत मला, कळंबमध्ये त्या पहारेकऱ्याला. आणि त्या रंगाऱ्याच्या घरी, वर वाडीत."

"मग समितीनं रद्द केलं तर मी काही करू शकणार नाही."

रद्द झालं तर मी परत गाड्यांना रस्ता सांगणार होतो. हे मला नीट दिसत होतं. पण फॉर्म माझा होता, आणि फॉर्ममधला मजकूर बदलला तरी लिंक तीच राहते. पोस्टरवरून जो कोणी नोंदणीला येईल, त्याला आधी फॉर्मच्या माथ्यावरचं वाचावं लागतं. तिथे मी परिचय नव्यानं लिहिला, या वेळी 'मी' असा. 'पोस्टरवरची शून्य अपघातांची ओळ चुकीची आहे. मी सही केलेल्या परमिटवर टाकीत उतरलेला एक कामगार दगावला. तासभर मुख्यतः त्याविषयी बोलेन.' आधी नोंदणी केलेल्यांना हे दिसणार नव्हतं, म्हणून यादीतल्या प्रत्येकाला तेच मेलनं कळवलं. सहा जणांनी नाव मागे घेतलं. एकानं कारण दिलं, वेळ जमत नाही. समितीनं रद्द केलं नाही. काहीच केलं नाही. सचिवानं मात्र त्यानंतर फोन केला नाही, फक्त बैठकीची लिंक धाडली.

ठरल्या वेळी मी पडद्यासमोर बसलो. सगळ्यांचे कॅमेरे बंद, काळे चौकोन आणि त्यांत आद्याक्षरं. मी त्या चौकोनांना सांगितलं. सकाळी हवा तपासली, ऑक्सिजन बरोबर होता, परमिट दिलं. माणसं जेवायला वर आली. नायट्रोजनच्या लाइनीत चकती घातलेली नव्हती, व्हॉल्व्ह थोडा पाझरत होता, आणि आतला ऑक्सिजन हटवणाऱ्या नायट्रोजनला वास नसतो. जेवणानंतर पुन्हा तपासायला हवं होतं. मी सकाळच्याच आकड्यावर परमिटची मुदत वाढवली. पहारेकऱ्यानं आत उडी मारली नाही, आरडाओरडा केला, म्हणून एकच गेला.

माझं संपलं. चौकोन तसेच काळे होते. मला वाटलं आवाजच गेला नसावा.

मग एका चौकोनातून एका बाईंचा आवाज आला. खोपोलीकडच्या एका कारखान्यात नव्यानं लागलेल्या. "सर, मुदत वाढवताना तुम्ही टाकीपाशी का गेला नाहीत? काही घाई होती का?"

इतक्या वर्षांत, चौकशीतही, हे कोणी विचारलं नव्हतं. चौकशीत फक्त सही कोणाची, एवढंच विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "घाई नव्हती. ऊन होतं, आणि टाकी प्लांटच्या दुसऱ्या टोकाला होती."

"लिहून घेते," त्या म्हणाल्या.

सचिवानं आभार मानले आणि प्रमाणपत्रासाठी अभिप्रायाची लिंक टाकली. चौकोन एकेक करून गेले. त्या बाईंचा शेवटपर्यंत राहिला, लिहीत असाव्यात. मीही बंद केलं नाही.