‘शेवटचं, बरं का’

जुन्नरच्या बाजारात माझं कापडाचं दुकान आहे. भावावरून मी गिऱ्हाइकापुढे कधी हटलो नाही. पाच वर्षांच्या नातीपुढे मात्र रोज हटायचो. शाळा सुटली की ती दुकानात येऊन मोबाईल मागायची. नाही म्हटलं की गादीवर लोळण, किंकाळ्या, साड्यांच्या ढिगाला लाथा. गिऱ्हाइकं बघत राहायची, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “घे बाई, पण शेवटचं, बरं का!” म्हणून मी मोबाईल देऊन टाकायचो.

घरी सून ठाम ‘नाही’ म्हणायची. तिथं गोंधळ तासभर चालायचा. वर मी शहाणपण शिकवायचो, “माझ्याजवळ बघ कशी गप्प बसते.” एकदा सुनेचा हात सुटला. पोरीच्या गालावर बोटं उमटली.

घाबरून ती पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. तिथल्या समुपदेशक बाईंनी घरातल्या सगळ्यांना बोलावलं. सून म्हणाली, “मला आता माझ्याच हाताची भीती वाटते.” मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.

“मोबाईल कोण देतं?” बाईंनी विचारलं.

“मी. पण शेवटचं, असं सांगून देतो.”

“मग ‘शेवटचं’ म्हणजे अजून थोडं रडलं की मिळतं, एवढंच तिला कळतं. आजोबा, आई दहादा नाही म्हणाली आणि अकराव्यांदा तुम्ही दिलंत, की ती अकरा वेळा रडायला शिकते.”

मग ठरलं. मोबाईल रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं, सगळ्यांकडून तेच उत्तर. सांगायचं एकदाच, थोडक्यात. कुणाला इजा होत नाही तोवर त्राग्याकडे लक्षच द्यायचं नाही. शांत झाली की काय चांगलं केलं ते सांगून कौतुक करायचं. आणि रोज दहा मिनिटं ती म्हणेल तो खेळ. “आधी रडणं वाढेल,” बाई म्हणाल्या. “तेव्हा दिलंत, तर सगळं मुसळ केरात.”

वाढलं की हो! चौथ्या दिवशी ऐन गर्दीत तिनं दुकान डोक्यावर घेतलं. खरेदीला आलेल्या एक पावणीबाई कळवळल्या, “द्या की राव, लेकरू हाय. लई रडतंय.” माझा हात खिशाकडे गेला. तो तसाच मागे घेऊन मी साडीची घडी घालायला लागलो. एक झाली, दुसरी झाली. पावणीबाई खरेदी न करताच गेल्या. मला रागही आला, लाजही वाटली.

बऱ्याच वेळानं नात उठली आणि नाक पुसत शेजारी बसली.

“स्वतःहून शांत झालीस, शाब्बास,” मी म्हणालो. “चल, काय खेळायचं?”

“दुकान-दुकान.” मग थोडं थांबून, “आजोबा, उद्या रडले तर?”

“नाही.”

“परवा?”

“परवाही नाही. जेवण झाल्यावर.”

घरी जाऊन तिनं आईला सांगितलं, “आजोबापण नाहीच म्हणतात.” सून पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं आणि पिठाच्या हातानंच डोळे पुसले.