पोचकाकांचा अर्ज

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात आवक टेबलावर बसणाऱ्या या गृहस्थांना सगळे पोचकाका म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगारपत्रकात होतं, पण ते हाक मारायच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं. आयुष्यात त्यांनी एकच तत्त्व पाळलं होतं: हातातून कागद सुटला की पोच हातात आली पाहिजे. दूधवाल्याकडून सही, इस्त्रीवाल्याकडून चिठ्ठी. सासऱ्यांनी लग्नात घड्याळ दिलं, तर जावईबापूंनी 'मिळाले' असं लिहून खाली तारीख टाकून दिली होती. सासरेबुवांनी तो कागद शेवटपर्यंत पाहुण्यांना दाखवून हसवलं. पोचकाकांना मात्र वाटायचं, सासऱ्यांनी आपली शिस्त ओळखली.

त्यांची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर होती. तिला दिवसभर घाईतली माणसं भेटत, त्यामुळे तिला घाई कळायची. मुलगी सातवीत होती. चष्मा, दोन वेण्या आणि कमी बोलणं, एवढ्या भांडवलावर वर्गातल्या तीन मुलींनी तिचं नाव 'गोगलगाय' पाडलं होतं. आधी नावावर भागलं, मग दप्तर लपवणं सुरू झालं, मग डब्यात खडूची भुकटी पडू लागली.

मुलीने हे बाबांच्या कानावर घातलं होतं. बाबा तेव्हा पेपर वाचत होते. "कोण, कधी, कुठे, सगळं तारखेनिशी लिहून ठेव," ते म्हणाले, "मग बघू." मुलगी आत गेली. तिने काहीही लिहिलं नाही, आणि बाबांनी काहीही बघितलं नाही.

मग एके दिवशी शाळा सुटल्यावर ती गुडघ्याला पट्टी आणि हातात चष्म्याची तुटलेली काडी अशी घरी आली. डायरीत वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं: 'जिन्यात घसरली. पालकांनी काळजी घ्यावी.'

"मी घसरले नाही," मुलगी म्हणाली. "मधल्या सुट्टीत मला ढकललं. मागून. आणि खाली पडल्यावर हसल्या."

"मग बाईंना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. बाई म्हणाल्या, कशाला उगाच मैत्रिणींची नावं घेतेस."

त्या संध्याकाळी तिने जाहीर केलं की ती शाळेत जाईल ती, खरं कोण बोलतंय ते ठरल्यावरच. आईने तिला जवळ घेतलं. पोचकाका बाप होते, फक्त मध्ये एक आवक टेबल होतं. त्यांनी कोरे कागद काढले.

जिन्यावर कॅमेरा होता. शाळेने तो मोठ्या कौतुकाने बसवला होता आणि खाली 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात' अशी पाटीही लावली होती. म्हणजे प्रश्न सोपा होता. पोचकाकांनी अर्ज लिहायला रविवार घेतला, पण लिहिला झकास. विषय, संदर्भ, घटनेची तारीख, वेळ, जिना नेमका कुठला. मागण्या क्रमाने: त्या वेळेचं चित्रण पुसलं जाऊ न देता जपून ठेवावं, पालकांना ते शाळेत बसून पाहू द्यावं, आणि प्रत देताना इतर मुलींचे चेहरे झाकायचे असतील तर हरकत नाही; प्रथमोपचाराच्या खोलीतल्या वहीतली नोंद, तक्रारवहीतली नोंद आणि वर्गशिक्षिकेने काही लिहून ठेवलं असेल तर त्याची प्रत मिळावी, उत्तर लेखी द्यावं. वकिलालाही नावं ठेवायला जागा नव्हती.

"छान आहे," बायको म्हणाली. "पण आधी फोन करून एवढंच सांगा ना, की ते चित्रण जपून ठेवा. बाकीचं मागाहून."

"तोंडी सांगण्याला काडीची किंमत नसते."

"मग ईमेल करा."

"ईमेलला शिक्का कुठे असतो?"

"रजिस्टर पोस्टाने पाठवा मग!"

पोचकाका दयेने हसले. "त्याने पाकीट पोचल्याचं सिद्ध होतं. पाकिटात काय होतं ते सिद्ध होत नाही. उद्या म्हणतील, कोरा कागद होता."

"अहो, गिऱ्हाईक तापाने फणफणत असताना मी त्याच्याकडून पोच मागत बसले असते ना, तर दुकानापेक्षा स्मशान जास्त चाललं असतं," असं म्हणून बायको भांडी घासायला गेली. ती रागावली की भांडी फार स्वच्छ होत.

सोमवारी पोचकाका अर्धी रजा टाकून शाळेत गेले. ऑफिसात शिपाई एकटाच होता. "द्या इकडे," तो म्हणाला, "सरांच्या टेबलावर ठेवतो."

"पोच?"

"शिक्का हेडक्लार्क बाईंच्या कपाटात. बाई रजेवर. हवं तर मी सही करतो, तारीख टाकतो."

तेवढं पुरेसं होतं. जगातल्या कुठल्याही माणसाला ते पुरलं असतं. पण वीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना 'शिक्का नाही, उद्या या' म्हणून परत पाठवलं, त्याला नुसती सही घेऊन जाताना कसंतरीच वाटलं. त्यांनी अर्ज पिशवीत ठेवला आणि घरी आले.

"दिला का?" मुलीने विचारलं. ती खिडकीशी बसून चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावत होती.

"देणार. शिक्का मिळाला की लगेच."

पुढच्या खेपेला हेडक्लार्क बाई भेटल्या. त्यांनी शिक्का मारलाही, पण शाईचं पॅड वाळलेलं. शाळेचं निम्मंच नाव उमटलं, आणि तारखेचं चाक गेल्या वर्षावर अडकलेलं. "हे चालणार नाही," पोचकाका म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं ते स्वतः ऑफिसात अर्जदारांकडे पाहत. "मग नवा शिक्का करायला टाकते. येऊन जा पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात या! हे वाक्य त्यांनी आजवर किती माणसांना ऐकवलं असेल, देव जाणे. पण स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरही त्यांना ते वाजवीच वाटलं. ते उठले, अर्ज पुन्हा पिशवीत गेला. मुलगी अजून घरीच होती. गणिताचं पुस्तक उघडं ठेवून ती दुसरीकडे बघत बसायची, आणि दारावरची बेल वाजली की दचकायची. बाप हे बघत होता. बघत होता आणि मनाशी म्हणत होता की एकदा शिक्का बसला, की मग बघतो एकेकीला.

अखेर शिक्का आला. गोल, जांभळा, अक्षर न् अक्षर स्पष्ट, तारीख ठसठशीत. पोचकाकांनी अर्जाची शिक्का मारलेली प्रत उजेडात धरून पाहिली आणि त्यांना खरोखर समाधान वाटलं. घरी येताना त्यांनी मुलीसाठी नवी पेन्सिल आणली.

उत्तरही झटपट आलं, जावक क्रमांकासकट. पोचकाकांनी आधी मसुद्याचं कौतुक केलं, कारण मसुदा चांगला होता: 'आपला अर्ज सोबतच्या शिक्क्यावरील दिनांकास प्राप्त झाला. शाळेच्या यंत्रात चित्रण पंधरा दिवस राहते, त्यानंतर जुन्यावर नवे आपोआप चढते. घटनेच्या दिवसाचे चित्रण आपल्या अर्जाच्या आदल्या दिवशी पुसले गेले आहे. अर्ज वेळेत आला असता तर ते राखून ठेवता आले असते. वहीतील नोंदीची प्रत जोडली आहे.' जोडलेल्या प्रतीत होतं: 'जिन्यावरून पडली. मलमपट्टी केली. वर्गात पाठवले.' तक्रारवहीत नोंद नव्हती.

त्यांनी शिक्क्याची तारीख पुन्हा पाहिली. ती अगदी स्पष्ट होती. अंधूक असती तर भांडता आलं असतं. शाळेचा दोष सिद्ध करायला आणलेला शिक्का आता इमानेइतबारे त्यांचाच दोष सिद्ध करत होता.

मुलगी दारात उभी होती. तिने पत्र वाचून घेतलं होतं. रडली वगैरे नाही.

"म्हणजे मी घसरले," ती म्हणाली.

"नाही गं, तसं नाही..."

"बाबा, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. पडायच्या आधी. तेव्हा माझ्याकडे शिक्का नव्हता."

ती आत गेली. पोचकाका हातात कागद धरून बसून राहिले. त्यांना फार लाज वाटली. एवढा वेळ त्यांनी मुलीची बाजू लढवली होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवतो असं तिला एकदाही म्हटलं नव्हतं. कॅमेरा म्हणेल ते आपण म्हणू, एवढंच त्यांचं धोरण होतं. बायको त्या संध्याकाळी भांडी घासायलाही गेली नाही, हे जास्त वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुलीला घेऊन शाळेत गेले. पिशवी घरी विसरले की मुद्दाम ठेवली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुख्याध्यापक भले गृहस्थ होते, म्हणजे कुणाशीच वाईटपणा येऊ नये असं त्यांना वाटे, आणि त्यासाठी काहीच करत नसत. "अहो, आमची मदतीची तयारी होती," ते म्हणाले. "पण आता पुरावा काय?"

"माझी मुलगी सांगते आहे."

हे वाक्य पोचकाकांच्या तोंडून आलं आणि तेच चपापले. मुलीने मान वर केली.

"तसं नाही, पण कागदावर..."

"सर, चित्रण गेलं ते माझ्यामुळे. मी उशीर केला, कबूल. पण मधल्या सुट्टीत त्या जिन्यावर निम्मा वर्ग होता. मुली काही पंधरा दिवसांनी पुसल्या जात नाहीत. त्यांना एकेकटीला बोलवा, विचारा, त्या काय सांगतात ते लिहून घ्या. आणि हिने बाईंना तेव्हाच सांगितलं होतं. ते तक्रारवहीत का नाही, ते बाईंनाही विचारा."

मुख्याध्यापकांनी पेपरवेट इकडून तिकडे केलं. मग त्यांनी घंटी दाबून वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं. ती येईपर्यंत ते म्हणाले, "तुमचं म्हणणं तेवढं लिहून द्या."

पोचकाकांनी तिथेच, टेबलाच्या कोपऱ्यावर, चार ओळी लिहिल्या. विषय नाही, संदर्भ नाही, खाडाखोडही होती: माझ्या मुलीला जिन्यात ढकलण्यात आलं. ती सांगते आणि मला ते खरं वाटतं. चौकशी करावी. खाली सही.

बाहेरच्या ऑफिसात हेडक्लार्क बाईंनी कागद घेतला, सवयीने नवा शिक्का उचलला आणि थोड्या खवचटपणे विचारलं, "पोच हवी असेलच?"

"राहू द्या," पोचकाका म्हणाले.

"द्या," मुलगी म्हणाली. चिकटपट्टी लावलेला चष्मा तिने नाकावर नीट बसवला आणि हात पुढे केला. "प्रत काढून त्यावर मारा. मला हवी आहे."