वाकडी रेघ

ऑफिसात तिला सगळे रेघाताई म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याने काही चूक केली नव्हती. वेबसाइट बनवणारं ते लहानसं ऑफिस. पट्टे, ठिपके, चौकड्या असं काही आलं की ते काम आपसूक तिच्या टेबलावर यायचं. बाकीचे लोक पट्ट्यांसाठी चित्राची फाइल जोडून मोकळे व्हायचे, आणि तिचं डोकं फिरायचं. दोन रंगांच्या पट्ट्यांसाठी चित्र कशाला वाहून न्यायचं, म्हणायची, आणि चार ओळींचा कोड लिहून ब्राउझरकडूनच पट्टे काढून घ्यायची.

युक्ती तशी साधी होती. एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू उतरणारी छटा, म्हणजे ग्रेडियंट, ब्राउझरला काढता येते. पण पहिला रंग जिथे संपतो नेमका तिथेच दुसरा सुरू कर, असं बजावलं की उतरायला जागाच उरत नाही. कापल्यासारखी धार येते. तेच पुन्हा पुन्हा काढ म्हटलं की झाले पट्टे. ठिपक्यासाठी गोल छटा एका चौकोनात काढायची आणि तो चौकोन फरशीसारखा पसरायचा. ठिपक्याच्या कडेला मात्र जराशी ढील ठेवायची, नाहीतर कड कुरतडल्यासारखी दिसते. चौकडीसाठी एक आडवी आणि एक उभी अशा दोन छटा एकावर एक: पिक्सेलभर काळं, बाकी पारदर्शक. चित्र मोठं केलं की फुटतं, हे कितीही मोठं केलं तरी स्वच्छ राहतं. पंचावन्नी उलटली तरी असं काही जमलं की ती खुर्ची मागे सारून लांबून बघत बसायची. लोक हसायचे. हसू देत.

घरी ती आणि तिची आई, दोघीच. आईची नजर मधोमध गेलेली. कडेचं सगळं दिसे, समोरचा माणूस दिसत नसे. 'तुझं तोंड सोडून मला सगळं दिसतं,' असं म्हातारी अगदी शांतपणे सांगायची. सुरुवातीला दाराची चौकट वाकडी दिसू लागली, तेव्हा आईने सुताराशी महिनाभर भांडण मांडलं होतं. डॉक्टरांकडे गेल्या तोवर उशीर झाला होता. त्या वेळी रेघाताई आईला नको तितकं बोलली, आणि ते बोललेलं तिला अजून टोचत होतं.

म्हणून डोळ्यांच्या दवाखान्याचं काम आलं तेव्हा ते तिने मागून घेतलं. दवाखान्याच्या वेबसाइटवर पेशंटांनी घरच्या घरी बघायची एक चौकडी होती. वाचायचा चष्मा लावायचा, एक डोळा झाकायचा, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं. रेघा वाकड्या दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पण ती चौकडी म्हणजे कुठल्याशा कागदाचं स्कॅन केलेलं चित्र. स्कॅन करतानाच कागद जरा सरकलेला, त्यात मोबाइलवर ते आक्रसायचं. धडधाकट माणसं घाबरून फोन करायची आणि डॉक्टर वैतागायचे. रेघाताईने चित्र काढून टाकलं. दोन छटांची चौकडी, तिच्यावर ठिपक्याचा तिसरा थर. अर्ध्या दिवसाचं काम.

आणि त्यातच खोट निघाली. चष्मा लावून, डावा डोळा झाकून तपासत असताना ठिपक्याच्या खाली, उजवीकडे, एक उभी रेघ तिला वाकलेली दिसली. थोडीशीच.

ती लगेच कामाला लागली. चौकोनाचं माप पूर्ण पिक्सेलात बसत नसणार, तिने ताडलं. तसं झालं की रेघ दोन पिक्सेलांवर पसरते, कुठे जाड तर कुठे पुसट होते. तिने टक्केवारी काढून पूर्ण आकडे घातले. रेघ वाकडीच. दुसरा ब्राउझर लावला, मोबाइल घेतला, वाक होताच. बरं, तोही धड नाही. कधी दिसे, कधी न दिसे. दोन्ही डोळ्यांनी स्क्रीनवर काम करताना सगळं नीट, आणि तपासायला बसलं की पुन्हा वाक. पान सरकवलं तर वाक ठिपक्याबरोबर सरकायचा. म्हणजे ठिपक्याचा थरच काहीतरी घोळ घालतोय, असं तिने ठरवून टाकलं. तो थर तिने पाडला, नव्याने लिहिला, पुन्हा पाडला. असेच दिवस जात राहिले. दवाखान्याचा निरोप आला की ती सांगायची, एक दोष राहिलाय, तो काढून देते.

दोष शोधायचं काम खरं तर ऑफिसातल्या टेस्टर बाईचं. ती रेघाताईची जुनी मैत्रीण, आणि खोड काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिने पान बघितलं आणि सांगितलं की काही बिघडलेलं नाही. रेघाताई उखडली. डोळे तपासून घे गं बाई तुझे, असं सगळ्यांसमोर म्हणाली. टेस्टर बाईने ड्रॉवरमधून प्लास्टिकची पट्टी काढली आणि स्क्रीनवर त्या रेघेला लावून धरली.

"बघ. रेघ पट्टीला तंतोतंत लागतेय."

रेघाताईने डावा डोळा झाकला आणि ठिपक्याकडे बघितलं. रेघ वाकली होती. तिच्याशेजारी पट्टीची कडही वाकली होती.

तिचा हात खाली आला. जे ती कित्येक वर्षं सगळ्यांना शिकवत आली होती ते तिला आता आठवलं: या छटेची रेघ पुसट होईल, जाड होईल, एखादी गायबही होईल, पण वाकणार नाही. तिला वाकताच येत नाही. ब्राउझर नुसता हिशेब मांडतो, आणि त्या हिशेबात वाक कुठे लिहिलेलाच नव्हता. हे ठाऊक असलेली बाई इतके दिवस कोड खरवडत बसली होती. टेस्टर बाईने तिची पर्स उचलली आणि दोघी तशाच त्या दवाखान्यात निघाल्या.

डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, फोटो काढले, बराच वेळ बघत राहिले. डोळ्याच्या पडद्यामागे रक्तवाहिनी झिरपतेय, म्हणाले, सुईने औषध द्यावं लागेल, आणि आजच. मग त्यांनी विचारलं, केव्हापासून दिसतंय. तिने सांगितलं.

"ते पान तुम्हीच करताय ना?"

"हो."

"मग?"

"मला वाटलं, माझ्या कोडमध्ये चूक आहे."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

बऱ्याच सुया झाल्या. झिरपणं थांबलं; पण त्या दिवसांत जे गेलं ते सगळं काही परत आलं नाही. उजव्या डोळ्याने बघितलं की रेघेला अजून एक बाक येतो, आणि तो राहणार आहे. डावा डोळा ठणठणीत आहे. कामही चालू आहे, फक्त हळू.

पान तिनेच पुरं केलं. चौकडीच्या वर एक वाक्य घालायचं, असा तिने हट्ट धरला. डॉक्टरांना ते जरा जास्त वाटलं. लोकांचे मोबाइल कसले कसले असतात, आपण एवढी खात्री का द्यायची, असं ते म्हणत होते. रेघाताईने ऐकून घेतलं.

"डॉक्टर, मोबाइल कसलाही असू दे. ही रेघ वाकू शकत नाही. मला हे माहीत होतं, तरी मी थांबले. ज्याला माहीत नाही तो किती थांबेल?"

डॉक्टरांनी मान डोलावली. ते वाक्य तिने त्यांच्यासमोरच, त्यांच्या टेबलापाशी बसून टाइप केलं:

'इथल्या सगळ्या रेघा सरळ आहेत. वाकडी दिसली तर स्क्रीनला दोष देऊ नका. आजच या.'