रूपराव झाडे यांचा कडक साबण

हिंगणीत रूपराव झाडे यांना स्वच्छतेबद्दल कुणी काही विचारत नसे. विचारायची गरज पडत नसे, ते आपणहून सांगत. चहाच्या टपरीवर बसलेल्या माणसाची नखं पाहून त्याच्या आईबापांविषयी मत देण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला होता, आणि १९७०च्या आसपास घरामागच्या छपरात निंबोळीच्या तेलाचा साबण करायला लागल्यापासून तर तो अधिकार गावानंही मान्य केला होता. पाच एकर कोरडवाहू शेती होती, ती धाकटा भाऊ पाहत असे. रूपराव साबण पाहत.

साबण हिरवट काळा, वीट फोडावी तसा कापलेला. सेलूच्या छापखान्यातून आणलेल्या पिवळ्या वेष्टनावर छापलेलं असे: ‘रूपराव निंबोळी साबण. सर्व प्रकारच्या खाजेवर खात्रीशीर.’ खात्री कुणाची, हे लिहिलेलं नव्हतं.

१९७८च्या पावसाळ्यात खुद्द रूपरावांना खाज सुटली. आणि ती हाताला, मानेला, पायाला अशी सांगण्याजोग्या जागी सुटली नाही. शौचाच्या जागी सुटली.

दिवसा त्यांना तिचा विसर पडत असे. भट्टी, कॉस्टिक सोडा, गिऱ्हाईक, लोकांची नखं यांत वेळ जात असे. रात्री गादी गरम झाली, हात रिकामे झाले, की तिला वाचा फुटे. रूपराव धोतरात हात घालून खाजवत, दोन मिनिटं स्वर्ग, मग आग. आग झाली की उठून विहिरीवर जात, आपल्याच साबणानं खसाखसा धूत, आणि परत येऊन पडत. तासाभरानं पुन्हा तेच. सकाळी नखांत रक्त असे.

बायको, शकुंतलाबाई, दोन महिने गप्प राहिली. मग म्हणाली, “काऊन जी, रात्रभर काय करून राह्यले? विहिरीवर चोर आला वाटलं म्हणून मी काठी घेऊन उठली होती काल.”

“पोट बिघडलं आहे.”

“पोट समोर राह्यते.”

त्यावर रूपरावांनी साबण अधिक कडक केला. त्यांचं शास्त्र सोपं होतं: खाज म्हणजे घाण, आणि घाण जात नसेल तर साबण मऊ आहे. पुढच्या घाण्यात सोडा वाढवला, तेल तेवढंच ठेवलं. गिऱ्हाइकं म्हणाली, आता फेस चांगला येतो. शकुंतलाबाईची बोटं तो साबण घोटून घोटून सोलली, तिनं हातांना खोबरेल लावलं आणि पुन्हा घोटायला बसली.

गावातल्या औषधाच्या दुकानात ताराचंद होता. त्याला रूपरावांनी एका दमात सांगितलं, “पाहुण्याले खाज आहे, मलम दे.” ताराचंदनं कुठं आहे हे विचारलं नाही, पाहुणा किती दिवस राहणार हेही नाही. ट्यूब दिली. चार रात्री झोप आली. पाचव्या रात्री मिरची चोळल्यासारखं झालं, म्हणून दुसरी ट्यूब आणली. मग कापूर घातलेलं खोबरेल झालं, मग मिठाचं पाणी झालं. जंत असतील म्हणून घरातल्या सगळ्यांना गोळ्या झाल्या. धाकट्या भावानं विचारलं, “आमाले काऊन देता?” रूपराव म्हणाले, “स्वच्छतेसाठी.” मधल्या वेळी धुणं चालूच, दिवसातून सहा वेळा.

डिसेंबरात पत्र आलं. वर्ध्याला जानेवारीच्या शेवटी ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरणार होतं आणि रूपराव निंबोळी साबणाला त्यात जागा मिळाली होती. तीन दिवस सतरंजीवर मांडी घालून बसायचं, वड्या मांडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला गुण सांगायचे. गावाकडून वीस जण तरी बघायला जाणार होते. रूपरावांनी पत्र तीनदा वाचलं, तेही उभ्यानं. मांडी घालून पाच मिनिटं बसणं त्यांच्यानं होत नव्हतं. खाजेवरचा खात्रीशीर साबण विकणारा माणूस सतरंजीवर वळवळताना वर्ध्यानं पाहिला, तर त्याला परत हिंगणीत यायला तोंड राहणार नव्हतं.

म्हणून ते सेलूला सरकारी दवाखान्यात गेले. रिकाम्या हातानं कसं जावं, म्हणून डॉक्टरांसाठी दोन वड्या नेल्या, पिवळ्या वेष्टनासकट.

डॉक्टर प्रभाकरराव देवतळे चाळिशीचे होते आणि त्यांना दिवसाला सव्वाशे रोगी असत. “काय होतं?”

“खाज.”

“कुठं?”

“खाली.”

“पायाला?”

“त्याच्या वर.”

“गुडघ्याला?”

“डॉक्टरसाहेब, तुम्ही मागच्या बाजूनं येता का?”

डॉक्टर मागच्या बाजूनं आले. पडद्यामागं निजवून नीट तपासलं, बोट घालूनही तपासलं. मूळव्याध नव्हती, गाठ नव्हती, कडांना नायट्यासारखी रिंगणं नव्हती. कातडी मात्र जाड, पांढुरकी, बारीक चिरा पडलेली आणि नखांच्या ओरखड्यांनी भरलेली होती. लघवी उकळून साखर पाहिली, निळं औषध निळंच राहिलं, म्हणजे साखर नव्हती. मग एक पारदर्शक चिकटपट्टी आणि काचेच्या दोन पट्ट्या दिल्या.

“सकाळी उठल्याउठल्या, धुण्याच्या आधी, ही पट्टी त्या जागेवर दाबायची आणि काचेवर चिकटवून आणायची. सुतासारखे जंत रात्री बाहेर येऊन तिथं अंडी घालतात, म्हणून रात्री खाज येते. अंडी असतील तर पट्टीला लागतील. दोन दिवस करा.”

“धुण्याच्या आधी?” रूपरावांचा चेहरा उतरला.

“आधी.”

पट्टी दाबण्याचं काम अर्थातच शकुंतलाबाईवर आलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिनं कंदील जवळ घेतला, पट्टी लावली, ओढली आणि म्हणाली, “सगळ्या गावाची नखं पाह्यते हा माणूस.”

दोन्ही पट्ट्यांवर अंडी नव्हती. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, “धुता कशानं?”

रूपरावांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलायला आवडेल असा प्रश्न आला होता. त्यांनी टेबलावर पडलेल्या आपल्याच वडीकडे बोट दाखवलं. “सहा वेळा. दोन्ही बाजूनं घासून.”

डॉक्टरांनी वडी ओली केली, तपासणीच्या खोलीतला लाल लिटमस कागदाचा तुकडा तिच्यावर ठेवला. कागद लगेच गर्द निळा झाला.

“साबण कुठलाही असो, कागद निळा होतो. पण तुमचा बोटाला चावतोय, म्हणजे त्यात सोडा शिल्लक राहिलाय. तिथली कातडी पातळ असते. तिच्यावर स्वतःचं थोडं तेल असतं, ते राहायला हवं. तुम्ही रोज सहा वेळा ते काढून टाकता. मग ती कोरडी पडते, चिरते, खाजते, तुम्ही खाजवता, ती आणखी चिरते, तुम्ही पुन्हा धुता.”

“म्हणजे घाण नाई?”

“घाण नाही. तुम्ही माझ्या आजच्या रोग्यांत सगळ्यांत स्वच्छ आहात. तोच रोग आहे.”

मग त्यांनी सांगितलं आणि रूपरावांनी ऐकलं. शौचानंतर नुसत्या पाण्यानं धुवा, घासू नका. मऊ जुन्या धोतराच्या तुकड्यानं टिपून कोरडं करा. घट्ट लंगोट सोडा, सैल सुती घाला, घाम साचू देऊ नका. ताराचंदची ट्यूब बंद, कापूर बंद. जस्ताचं पांढरं मलम रात्री पातळ लावा. नखं कापा, झोपताना हातात सुती मोजे घाला. पालेभाजी खा, पोट पातळ होऊ देऊ नका, चहा नऊवरून तीनवर आणा, ठेचा थोडे दिवस बाजूला ठेवा. तीन आठवड्यांत फरक पडेल. रक्त जास्त जायला लागलं, गाठ हाताला लागली किंवा वजन घटलं, तर वाट न बघता या.

“आणि साबण सोडा,” डॉक्टर म्हणाले.

“बाकी सगळं करतो,” रूपराव म्हणाले.

खरंच केलं. नखं कापली, मोजे घातले, ठेचा सोडला, लंगोट पेटीत गेला. चहा तीनवर आणल्यामुळे टपरीवाल्यानं तब्येतीची चौकशी केली. पण साबण सोडणं म्हणजे वेष्टन खोटं ठरवणं, म्हणून विहिरीवरचं धुणं सहावरून दोनवर आणून त्यांनी तडजोड केली. दहा दिवस गेले. खाज तशीच. प्रदर्शनाला सोळा दिवस उरले.

त्या रात्री मोजे घातलेल्या हातांनी ते खाटेवर बसले होते. “डॉक्टराले काही समजत नाई,” म्हणाले.

“साबण सोडला का?” शकुंतलाबाईनं विचारलं.

“आपलाच साबण आपणच सोडू? लोकं काय म्हणतीन? तू सोडशीन का?”

“मी लावलाच कधी?”

रूपरावांनी कंदिलाची वात मोठी केली.

“आठ वर्षं मी तुमचा साबण घोटून राह्यली,” ती म्हणाली. “घोटूनच हाताची सालं निघते. अंगाले कोण लावन? मी दुकानातला लावतो, भाऊजीची बायको बी तोच लावते. पेटीमागं ठेवतो, तुम्हाले दिसू नाई म्हणून.”

“मले सांगितलं काऊन नाई?”

“तुम्ही कोणाले बोलू देता का?”

रूपराव विहिरीवर गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पाणी, टिपणं, पांढरं मलम. चौथ्या दिवशी आग थांबली. आठव्या रात्री ते पहाटेपर्यंत झोपले आणि शकुंतलाबाईनं काठी परत गोठ्यात ठेवली. चौदाव्या दिवशी मोजे निघाले.

वर्ध्याला ते तीन दिवस मांडी घालून बसले. एकदाही हलले नाहीत. हिंगणीचे वीस जण आले. त्यांना आपल्या गावचा माणूस मूर्तीसारखा बसलेला दिसला, समोर हिरवट काळ्या वड्यांची उतरंड. एका साहेबांनी वेष्टन वाचून विचारलं, “खाज खरंच जाते?”

“माझी गेली,” रूपराव म्हणाले. शब्दाशब्दानं खरं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावात पिठाची गिरणी चालवणारा तानबा सतरंजीच्या कडेला टेकला. इकडंतिकडं पाहिलं. “रूपरावभाऊ, मले खाज आहे.”

“कुठं?”

“खाली.”

“रात्री जास्त?”

“तुम्हाले कसं मालूम?”

रूपरावांनी एक वडी पिवळ्या वेष्टनात गुंडाळून त्याच्या हातात दिली आणि आवाज खाली आणला. “हा कपड्याले लावजो. तिथं नुसतं पाणी. घासू नको, टिपजो. पीठ आणि घाम झाडून सैल धोतर नेसजो. आणि सेलूच्या डॉक्टराले दाखव, जंत, साखर, मूळव्याध, काही बी असू शकते.”

“मंग साबण काऊन घेऊ?”

“कपडे काय तसेच ठेवशीन?”

तानबानं साबण घेतला.

घरी अजून अठराशे वेष्टनं छापून पडली होती. ती टाकून देणं रूपरावांच्या जिवावर आलं, आणि तशीच वापरणं आता शकुंतलाबाईच्या समोर जमेना. त्यांनी दौत घेतली आणि निळ्या शाईनं ‘सर्व प्रकारच्या खाजेवर खात्रीशीर’ ही ओळ एकेका वेष्टनावर खोडली. खोडलेली ओळ उजेडात धरली की वाचता येई. लोक उजेडात धरून वाचत. हिंगणीत असं ठरलं की साबण इतका जालीम आहे की सरकारनं ओळ खोडायला लावली, आणि १९७९ साली तो पूर्वीच्या दुप्पट खपला.

रूपरावांनी कुणाचीही समजूत दुरुस्त केली नाही. त्यांचं स्वतःचं अंग त्या वर्षापासून दुकानातल्या साबणानं धुतलं जात होतं, आणि तोही फक्त कमरेच्या वर आणि मांड्यांच्या खाली. वडी पेटीमागं असे, शकुंतलाबाईच्या वडीशेजारी.